लाइन आणि स्टाफ: सही कोणाची, जबाबदारी कोणाची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापूरच्या अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या टॉवेल कारखान्यात तीन माणसांचं सहसा पटत नाही: विव्हिंग मास्टर, एचआर आणि अकाउंट्स. माणसं बदलली तरी भांडण तेच राहतं, त्यामुळे दोष स्वभावावर ढकलून भागत नाही. या पानावरची उत्तरं त्याच एका गोष्टीभोवती फिरतात. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, आपल्या कारखान्याचे घालून हिशोब पुन्हा करावा.

लाइन म्हणजे काय आणि स्टाफ म्हणजे काय?

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे 'स्टाफ' म्हटलं की महिन्याच्या पगारावरचे लोक, आणि बाकीचे 'कामगार'. इथे तो अर्थ नाही. बी.कॉम.च्या पुस्तकात 'रेखा आणि कर्मचारी संघटन' म्हणून जो धडा असतो, तो हा विषय. तिथल्या 'कर्मचारी' या शब्दाने तर गोंधळ आणखीच वाढतो.

लाइन म्हणजे हुकमाची सरळ साखळी. मालक, फॅक्टरी मॅनेजर, विव्हिंग मास्टर, जॉबर, विणकर. वरच्याने सांगायचं, खालच्याने करायचं, आणि माल वेळेत निघाला नाही तर त्याच साखळीतून जाब विचारला जायचा. स्टाफ म्हणजे या साखळीच्या बाजूला उभे असलेले लोक: एचआर, फायनान्स, क्वालिटी, सेफ्टी. ते टॉवेल विणत नाहीत आणि विणणाऱ्याला थेट हुकूमही देत नाहीत. ते माहिती देतात, सल्ला देतात, तपासणी करतात.

खात्यावरून मात्र हे ठरवू नये. एचआर मॅनेजर आपल्या टाइमऑफिसच्या क्लार्कला सांगतो तेव्हा तो त्याचा लाइन वरिष्ठच असतो. त्याच एचआर मॅनेजरचा शेडमधल्या जॉबरशी संबंध आला की तो स्टाफ. म्हणजे नातं कोणाशी आहे त्यावर ठरतं.

स्टाफ 'फक्त सल्लागार' असेल तर त्यांच्या सहीशिवाय काम का अडतं?

अडतं, कारण सल्ला एका प्रकारचा नसतो. निदान तीन पायऱ्या असतात, आणि बहुतेक भांडणं आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे न ठरल्यामुळे होतात.

पहिली पायरी साध्या सल्ल्याची. फायनान्सने सांगितलं की सुताचा भाव पुढच्या महिन्यात उतरेल, थांबा. मास्तरने ऐकलं किंवा नाही ऐकलं, निर्णय त्याचा.

दुसरी पायरी विचारण्याच्या सक्तीची. मास्तरने एचआरला विचारल्याशिवाय नवा जॉबर नेमायचा नाही. विचारायलाच हवं, मानायलाच हवं असं नाही. विचारलं, मत ऐकलं, तरी निवड मास्तरची.

तिसरी पायरी अधिकाराची. एका ठरावीक बाबीपुरता मालकाने स्वतःच्या अधिकाराचा तुकडा काढून स्टाफच्या हाती दिलेला असतो. दहा हजारांवरची खरेदी फायनान्सच्या सहीशिवाय नाही, आरोपपत्र एचआरशिवाय कोणी द्यायचं नाही. याला कार्यात्मक अधिकार म्हणतात. एवढ्या बाबीपुरतं त्यांचं 'नाही' म्हणजे नाही.

घोटाळा होतो तो असा. मालक पहिल्या पायरीची माणसं नेमतो, एक-दोनदा घाईत म्हणतो, "अकाउंटला दाखवून घ्या." वर्षभरात 'दाखवून घ्या'चं 'मंजूर करून घ्या' होतं आणि सल्लागार तिसऱ्या पायरीवर जाऊन बसतो. कुणी त्याला तिथे बसवलेलं नसतं. मास्तरच्या मते तो अजून पहिल्याच पायरीवर असतो. आपापल्या समजुतीप्रमाणे दोघंही बरोबर असतात.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, एक उदाहरण द्याल का?

एका टॉवेल कारखान्यातला नियम घेऊ: दहा हजारांवरच्या खरेदीला तीन कोटेशन आणि फायनान्सची सही. सोमवारी सकाळच्या पाळीत एका रेपियर मागाचा सुटा भाग तुटला. किंमत १४,५०० रुपये. फिटरला गावातच एका दुकानात तो मिळत होता, दुपारी बसवूनही झाला असता.

मास्तर अकाउंट्समध्ये गेला.

"साहेब, माग बंद आहे. सही करा, दुपारी चालू करतो."

"मास्तर, तिसरं कोटेशन कुठंय?"

"दोघांकडंच मिळतंय की हो. तिसरं कुठनं आणू?"

"मग मेलवर मागवा इचलकरंजीहून. ऑडिटला मी काय दाखवू?"

तिसरं कोटेशन गुरुवारी आलं. भाग शुक्रवारी सकाळी बसला. चार दिवस माग बंद.

आता हिशोब. माग मिनिटाला ३०० पिक, म्हणजे आडवे धागे, मारतो आणि इफिशियन्सी ७० टक्के धरली, तर २४ तासांत सुमारे ३,०२,४०० पिक. १४० सेंटिमीटर लांबीच्या टॉवेलला सेंटिमीटरला १६ पिक म्हणजे २,२४० पिक लागतात. म्हणजे दिवसाला १३५ लांब्या. मागावर शेजारी-शेजारी दोन टॉवेल निघत असतील तर २७० टॉवेल. सूत, रंगाई आणि मागाबरोबर वाढणारे बाकीचे खर्च वजा जाता टॉवेलमागे ४० रुपये सुटत असतील, तर मागाचा एक बंद दिवस १०,८०० रुपयांचा. चार दिवस ४३,२०० रुपये.

तिसऱ्या कोटेशनने फार तर दहा टक्के वाचले असते, म्हणजे १,४५० रुपये.

हा हिशोब ऑर्डर हातात असतानाचा आहे. माल पडून असेल आणि माग तसाही थांबवायचा असेल तर बंद दिवसाची किंमत जवळपास शून्य, आणि तेव्हा तीन कोटेशन मागवणं अगदी योग्य. एकच नियम एका आठवड्यात शहाणपणाचा आणि दुसऱ्या आठवड्यात महागडा ठरतो, आणि तो आठवडा कुठला हे अकाउंट्सच्या टेबलावरून दिसत नाही. ते शेडमधून दिसतं.

म्हणजे चूक फायनान्सची?

इतकं सरळ नाही. हा नियम आला कुठून ते पाहा. आधी फिटर फोनवरच भाग मागवायचे. एकच भाग तीनदा आला, दोन वापरलेच नाहीत, काही विकून टाकलेल्या जुन्या मागांचे निघाले. स्टोअरमध्ये पाच-सहा लाखांचा न खपणारा माल साठला की बँकेकडे जाऊन कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायची वेळ फायनान्सवर येते, मास्तरवर येत नाही. त्यांनी नियम केला तो याच अनुभवातून.

मास्तरला महिन्याच्या शेवटी विचारतात: किती किलो माल निघाला? फायनान्सला विचारतात: किती पैसा अडकला, ऑडिटमध्ये काय आलं? माग बंद राहिल्याचा खर्च फायनान्सच्या कुठल्याच कागदावर येत नाही, आणि स्टोअरमधल्या मेलेल्या मालाचा खर्च मास्तरच्या कुठल्याच कागदावर येत नाही. सही अडवल्याबद्दल कोणाची बढती आजवर अडलेली नाही. चुकीची सही केल्याबद्दल मात्र अडते. मग सही करणारा माणूस 'नाही'कडे झुकणारच.

मग नियम काढायचा की ठेवायचा?

ठेवायचा, पण दोन भाग करायचे.

ठरलेली खरेदी आणि बंद मागाची खरेदी वेगळी काढा. बंद मागासाठी २५,००० पर्यंत फॅक्टरी मॅनेजरच्या सहीवर खरेदी, आणि दोन दिवसांच्या आत बिल, तुटलेला भाग आणि माग बंद झाल्याची लॉगबुकातली वेळ ही तिन्ही फायनान्सकडे. फायनान्स तपासणी करणारच, फक्त खरेदीआधी नव्हे, नंतर. तुटलेला भाग परत मागण्याला महत्त्व आहे. तो नसेल तर 'बंद माग' हा शब्द महिन्याभरात प्रत्येक बिलावर दिसायला लागतो.

दुसरं, गेल्या वर्षाच्या लॉगबुकातून सारखे तुटणारे पंधरा-वीस भाग काढा आणि त्यांचे भाव वर्षाला एकदाच दोन-तीन दुकानदारांकडून ठरवून घ्या. तीन कोटेशनचं काम तिथे होऊन जातं. नंतर फक्त मागवायचं.

फायनान्सचा अधिकार यात कमी झाला असं वाटतं, पण तसं होत नाही. भाव ठरवण्यात तो वाढला, आणि अडवण्यातून तो बाजूला झाला. फायनान्सवाल्याला हे पटायला दोन महिने लागतात, तेवढे द्यावेत.

ओव्हरटाइमला एचआर 'नाही' म्हणते. मास्तरने ऐकलंच पाहिजे का?

कुठल्या कारणाने नाही, ते आधी विचारा.

जानेवारीतली गोष्ट घ्या. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत हजेरी पडते हे शहरातल्या प्रत्येक मास्तरला माहीत आहे. तीस विणकरांपैकी नऊ आले नाहीत, आणि कंटेनर न्हावा शेवाला जायची तारीख ठरलेली. मास्तर म्हणतो, सहा जणांना सहा दिवस चार-चार तास थांबवतो. एकूण १४४ तास. आठ तासांना ५६० रुपये रोज असेल तर तास ७० चा. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट, म्हणजे १४० चा. खर्च २०,१६०.

एचआर म्हणाली, "या महिन्याचं ओव्हरटाइमचं बजेट संपलं." हा सल्ला आहे. कंटेनर चुकला तर विमानाने पाठवायचा खर्च किती, हे मास्तरला ठाऊक असतं, एचआरला नसतं. फॅक्टरी मॅनेजरने दोन्ही आकडे शेजारी ठेवून ठरवावं. एचआरने आपलं मत लिहून द्यावं आणि थांबावं.

आता मास्तर म्हणाला, "मस्टरवर घेऊ नका, व्हाउचरवर एकेरी दराने देऊन टाकू." म्हणजे १०,०८० रुपये वाचवायचे. इथे एचआर जे 'नाही' म्हणेल ते मत नाही. दुप्पट दर १९४८ च्या कारखाने कायद्यात होता, नव्या कामगार संहितेतही आहे. तो मास्तरच्या मर्जीचा भाग नाही, एचआरच्याही नाही, आणि मालकाच्याही नाही. मस्टरबाहेरच्या तासात अपघात झाला तर तो माणूस त्या वेळी कारखान्यात कशासाठी होता, याचं उत्तर कागदावर नसतं.

'नाही' म्हणणारं तोंड एकच असतं, अधिकार मात्र दोन वेगवेगळे. म्हणून एचआरने 'नाही' म्हणताना नेहमी सांगावं: हे कायद्याने नाही, की मला वाटतं म्हणून नाही? जी एचआर स्वतःच्या पसंतीलाही कायद्याचं नाव देते, तिचं कायद्याचं म्हणणंसुद्धा पुढे कोणी ऐकत नाही. शेडमध्ये एचआरची पत जाते ती बहुतेक याच कारणाने.

आणखी एक. कारखान्याच्या कागदावर जबाबदार म्हणून नाव असतं भोगवटादाराचं आणि व्यवस्थापकाचं. एचआरचं नसतं. खटला लाइनवर होतो. म्हणून कायद्याच्या बाबतीत एचआरचं 'नाही' हे मॅनेजरला वाचवण्यासाठी असतं, अडवण्यासाठी नसतं. हे एचआरने शांतपणे सांगितलं तर पटतं, मिरवून सांगितलं तर पटत नाही.

कामगाराला काढायचा अधिकार मास्तरचा की एचआरचा?

कामाचा दर्जा आणि वागणूक मास्तरच पाहतो, त्यामुळे कारवाई हवी हे सांगायचा अधिकार त्याचा. कारवाईची पद्धत एचआरची, आणि इथे तो पूर्ण तिसऱ्या पायरीचा अधिकार असावा.

कारण साधं आहे. रात्रपाळीत बाचाबाची झाली आणि मास्तर म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." या तीन शब्दांना कामगार न्यायालयात तोंडी बडतर्फी म्हणतात. नोटीस नाही, आरोपपत्र नाही, चौकशी नाही. गुन्हा खरा असला तरी कारखाना पद्धतीवर हरू शकतो, आणि कामगार मागच्या पगारासह परत येऊ शकतो. मास्तरच्या नजरेत एचआरने त्याची इज्जत घालवली. खरं तर ती त्या तीन शब्दांनी गेली.

मास्तरने करायचं ते एवढंच: त्या रात्रीच काय घडलं ते वेळेसह स्वतःच्या अक्षरात लिहायचं, दोन साक्षीदारांची नावं लिहायची, आणि माणसाला त्या पाळीपुरतं मागावरून बाजूला करायचं. सकाळी कागद एचआरकडे. पुढे आरोपपत्र, खुलासा, चौकशी. निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता द्यावा लागतो. म्हणून चौकशी लांबवणाऱ्या एचआरमुळे कारखान्याचा पैसा जातो, आणि इथे जाब एचआरला विचारायचा. आरोपपत्र सात दिवसांत निघेल असं एचआरने लिहून द्यावं. पद्धत ताब्यात घेतली की वेळेची जबाबदारीही घ्यावी लागते. हे बहुतेक कारखान्यांत सुटतं.

सुताला खळ लावून देणाऱ्या सायझिंगवाल्याचं बिल फायनान्स अडवतं आणि शिव्या मास्तरला. यात लाइन काय करणार?

इथे चौकशी उलट्या बाजूने सुरू करा. बिल खरंच अकाउंट्समध्ये अडलं आहे का? पुष्कळदा ते मास्तरच्या टेबलावर असतं, 'बीम मिळाले, काम बरोबर' या सहीसाठी. ती सही नसेल तर फायनान्सने पैसे सोडू नयेत, आणि तीच सही मास्तर पंधरा दिवस विसरतो.

सायझिंगवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करारात ठरली तेवढी मुदत, पण ४५ दिवसांपुढे नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज. म्हणून बिलावर दोन तारखा टाकायची सवय लावा: मास्तरकडे आलं ती आणि मास्तरकडून गेलं ती. महिन्याभरात अडण्याची जागा आपोआप कळते.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मेल्व्हिल डाल्टन यांनी तीन कारखान्यांतल्या लाइन-स्टाफ भांडणांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध केला. स्टाफचे लोक सरासरीने तरुण, जास्त शिकलेले, आणि लाइनवाल्यांना सांगायला उत्सुक. लाइनवाले अनुभवी आणि 'कालचं पोर मला शिकवतंय' म्हणणारे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, स्टाफवाल्याला वर चढायचं तर लाइनच्या वरिष्ठांची पसंती लागायची. म्हणून काही स्टाफवाले शेडमधल्या चुका पाहूनही गप्प बसायचे. भांडण दिसतं तेव्हा निदान कळतं. स्टाफ आणि लाइन एकमेकांना सांभाळून घेऊ लागले की काहीच दिसत नाही.

हे सगळं लिहून कसं ठेवायचं?

एका पानावर, जास्त नाही. डावीकडे बाबींची यादी: सुटे भाग, सूत खरेदी, नवी भरती, ओव्हरटाइम, रजा, आरोपपत्र, बिलं. प्रत्येकीसमोर चार गोष्टी लिहायच्या: कोण ठरवतो, कोणाला विचारायलाच हवं, कोण अडवू शकतो, आणि किती वेळात उत्तर द्यायचं.

चौथा रकाना सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि खरं काम तोच करतो. उदाहरणार्थ, बंद मागासाठी २५,००० च्या वरच्या खरेदीत फायनान्सने चार तासांत उत्तर दिलं नाही तर ती संमती धरावी. कायद्याच्या बाबतीत मात्र मौन म्हणजे संमती कधीच नाही.

'कोण अडवू शकतो' या रकान्यात जितकी नावं कमी, तितकं बरं. एका बाबीला दोन अडवणारे असतील तर मालकाने एकाला काढावं. दोघांनाही ठेवायचंच असेल तर भांडण झाल्यावर तक्रार करू नये.

पान मालकाच्या सहीने लावा, एचआरच्या नको. एचआरने काढलेला कागद मास्तर एचआरचा डाव म्हणूनच वाचतो.

आमच्याकडे मालकाचा धाकटा भाऊच फायनान्स बघतो. मग काय?

मग कागदावर तो स्टाफ असला तरी शेडमध्ये तो मालकच असतो, आणि 'सल्ला देतोय' म्हणून बोललेलं प्रत्येक वाक्य हुकूम होतं. मास्तर त्याच्याशी वाद घालत नाही, फक्त माघारी मोठ्या मालकाकडे जातो. अशा घरात एकच गोष्ट पाळावी: भावाने शेडमध्ये जॉबरला थेट काही सांगायचं नाही, जे काही असेल ते फॅक्टरी मॅनेजरला. हे मोठ्या भावाने सगळ्यांसमोर एकदा सांगावं लागतं. आणि पुढच्याच आठवड्यात ते मोडलं जातं, तेव्हा मोठ्या भावाने काय केलं यावर पुढचं सगळं ठरतं.

गाडी घसरली आहे हे कशावरून ओळखावं?

बिलांवरून. दहा हजारांची मर्यादा असलेल्या कारखान्यात १४,५०० चा भाग ७,२५० च्या दोन बिलांत, एकाच दुकानातून, एकाच दिवशी आलेला दिसला, की समजावं लाइनने नियमाभोवती वाट काढली आहे. महिन्यात अशी दोन-तीन बिलं सापडली तर मास्तरला दटावण्याआधी मर्यादा तपासा.

दुसरी खूण रजेच्या अर्जांवर. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दिवशी, मागच्या तारखेच्या असतील तर एचआरची मंजुरी नुसती औपचारिकता झाली आहे. तिसरी खूण कानाने कळते: शेडमध्ये 'वरून सांगितलंय' हे वाक्य ऐकू आलं की 'कोणी?' असं विचारावं. उत्तर देताना माणूस अडखळला तर अधिकार नसलेल्या कोणीतरी हुकूम सोडला आहे.

वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याला याची गरज आहे का?

नाही. तिथे मालक स्वतः सुताचा भाव पाहतो, पगार वाटतो आणि मागाजवळ उभा राहतो. बाहेरचा सीए आणि पीएफ-ईएसआयचं काम करणारा सल्लागार हेच त्याचे स्टाफ. फक्त दोन्ही भरण्यांची तारीख, पुढच्या महिन्याची १५, भिंतीवर लिहून ठेवावी. ती चुकली तर दंड सल्लागाराला होत नाही.